पांढरी पापणी, थोडी अंडी

श्रावणाच्या सुमारास पडघा, अंबाडी, वज्रेश्वरी या पट्ट्यात एखादी शेळी मेली की "पाऊस लागला" एवढं म्हणून विषय संपतो. कालपर्यंत ती चरत होती. जुलाब नव्हते, अंगही फारसं उतरलं नव्हतं. रानातून परत येताना कळपाच्या मागे पडली, एकदोनदा बसली आणि सकाळी उठली नाही. अशा शेळीचं शवविच्छेदन झालंच, तर चौथ्या पोटात, म्हणजे अबोमॅसममध्ये, दोन-तीन सेंटीमीटर लांबीचे बारीक जंत वळवळताना सापडतात. मादीचं रक्ताने भरलेलं लाल आतडं आणि पांढरं गर्भाशय एकमेकांभोवती पिळलेलं असतं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनाही ती लाल-पांढऱ्या पट्ट्यांची दिसते. हा हिमोंकस कॉन्टॉर्टस. पावसाला दोष देणारे अगदीच चुकत नाहीत; फक्त तो पाऊस शेळीला नाही, गवताला लागलेला असतो.

हिमोंकसचा एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त घालवतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण शेळीच्या पोटात हजार जंत असणं अजिबात विशेष नाही, आणि हजार जंत म्हणजे रोजचं ५० मिलिलिटर रक्त. पंचवीस किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून पावणेदोन लिटरच्या आसपास रक्त असतं. शरीर नवीन रक्त बनवत राहतं, म्हणून काही दिवस बाहेरून काहीच दिसत नाही. भरपाई खर्चाला पुरेनाशी झाली की मात्र शेळी झपाट्याने कोसळते. जुलाब नसल्यामुळे मालकाला जंताची शंकाही येत नाही, कारण जंत म्हणजे पातळ हगवण, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं. हिमोंकस एकटाच असेल तर लेंड्या बहुधा नेहमीसारख्याच, गोल आणि कोरड्या पडतात.

एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. भिवंडीसारख्या उबदार, ओल्या हवेत त्या अंड्यांतून आठवडाभरात गवतावर चढणारी अळी तयार होते. शेळीने ती खाल्ली की साधारण तीन आठवड्यांत नवी मादी अंडी घालू लागते. म्हणजे मृगात सुरू झालेलं चक्र श्रावणापर्यंत दोनदा पुरं होतं, आणि प्रत्येक फेरीला रानातल्या अळ्या कितीतरी पटींनी वाढतात. भिवंडी तालुक्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भातखाचरांच्या बांधांवरचं गवत तीन महिने सुकत नाही. झाडपाला ओरबाडणारी शेळी या दिवसांत बांधावर दाव्याला बांधली जाते आणि जमिनीलगतचं गवत कुरतडते. अळ्या सगळ्यात जास्त असतात त्या तिथेच, खालच्या चार-पाच सेंटीमीटरमध्ये.

यावर गावोगावी चालत आलेला उपाय म्हणजे पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर सगळ्या कळपाला औषध पाजणं. तो वाईट नाही, पण पुरत नाही. जून आणि ऑक्टोबर यांच्या मधल्या चार महिन्यांतच शेळ्या मरतात. मग घाबरून दर महिन्याला सगळ्यांना डोस सुरू होतात, आणि त्यातून औषधाला दाद न देणारे जंत उरतात. हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान इथल्या मोठ्या शेळी-मेंढी फार्मवर हे होऊन चुकलं आहे. या कोंडीतून बाहेर काढणाऱ्या दोन तपासण्या आहेत. एक गोठ्यात होते, दुसरी सूक्ष्मदर्शकाखाली. दोन्ही स्वस्त आहेत. पण एकीचं उत्तर दुसरीच्या प्रश्नाला लावलं, तर दोन्ही फसवतात.

पहिली तपासणी पापणीची. दक्षिण आफ्रिकेत गेल्या शतकाच्या अखेरीस फाफा मलान या पशुवैद्यकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेंढीच्या खालच्या पापणीच्या आतल्या रंगाचा आणि तिच्या रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाचा मेळ घातला. त्यातून पाच रंगांचा एक तक्ता तयार झाला. मलानच्याच नावावरून त्याला फामाचा म्हणतात. रंग क्रमांक १ म्हणजे लालबुंद, २ म्हणजे लालसर गुलाबी, ३ गुलाबी, ४ फिकट गुलाबी आणि ५ पांढरा. लाल पेशींचं प्रमाण क्रमांक १ ला २८ टक्के किंवा जास्त असतं, ३ ला १८ ते २२, आणि ५ ला १२ किंवा त्याहून कमी. पाच क्रमांकाची शेळी चालते, खाते, पण मरणाच्या दारात असते. तिला औषध पाजायला पळवत आणलं, तर त्या धावपळीनेच ती जाऊ शकते.

पाहण्याची पद्धत नीट शिकावी लागते, कारण बहुतेक जण पापणी ओढून तिची कड पाहतात. कडेचा रंग उपयोगाचा नाही. शेळीचं डोकं मांडीशी टेकवून धरावं. अंगठ्याने वरची पापणी खाली घेऊन डोळा झाकावा आणि डोळ्याचा गोळा पापणीवरून हलकेच आत दाबावा. गोळा आत गेला की दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी खाली खेचावी; आतलं मऊ, ओलसर अस्तर आपोआप बाहेर फुगून येतं. त्या अस्तराच्या मधल्या भागाचा रंग तक्त्याशी लावायचा, तोही एक-दोन सेकंदांत. जास्त वेळ उघडं ठेवलं तर ते लाल होत जातं. दोन्ही डोळे पाहावेत, आणि शंका असेल तर फिकट बाजूचा क्रमांक धरावा.

उजेड सूर्याचा हवा, पण थेट ऊन नको. पत्र्याच्या गोठ्यात बल्बखाली पाहिलं तर सगळ्याच पापण्या गुलाबी दिसतात. निळ्या ताडपत्रीखाली उलट होतं, सगळ्याच फिकट. मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना पाठवण्याची सवय आता पडली आहे, पण प्रत्येक कॅमेरा लाल रंग आपल्या मर्जीने बदलतो, त्यामुळे त्यावरून क्रमांक देता येत नाही. इंटरनेटवरून उतरवून छापलेला तक्ताही याच कारणाने बाद. मूळ तक्ता प्रशिक्षणाबरोबर मिळतो. तो उन्हात ठेवला की फिका पडतो, म्हणून पाकिटात ठेवावा आणि काही काळाने बदलावा. डोळे आले असतील, धूळ किंवा धूर गेला असेल, तर रक्त कमी असूनही पापणी लाल दिसते. रस्त्याकडेच्या, गोदामांच्या धुळीतल्या गोठ्यांत हे विशेष लक्षात ठेवावं.

तक्ता मुळात मेंढ्यांसाठी झाला, आणि शेळ्यांना तो लावताना एक फरक करावा लागतो. शेळीची पापणी निरोगी असतानाही मेंढीइतकी लाल क्वचितच असते, आणि शेळीत जंतांविरुद्धची प्रतिकारशक्ती मेंढीपेक्षा कमी टिकते. म्हणून मेंढीला क्रमांक ४ आणि ५ ला औषध द्यायचं असा दंडक असेल, तर शेळीला ३ लाच द्यावं. करडं, गाभण शेळ्यांचा शेवटचा महिना आणि दूध देणाऱ्या शेळ्या यांच्या बाबतीत तर ३ ची वाटही पाहू नये असं काही जण म्हणतात. करडांसाठी ते पटतं, कारण करडाच्या अंगात रक्तच थोडं असतं आणि आज ३ असलेलं करडू आठवड्यात ५ ला पोहोचतं. पावसाळ्यात दर दहा-बारा दिवसांनी, आणि करडं असतील तर आठवड्याला, सगळा कळप पाहावा. कोरड्या महिन्यांत महिन्यातून एकदा पुरतं.

पापणी सांगते ती एकच गोष्ट: या शेळीच्या अंगात रक्त कमी आहे. का कमी आहे, ते ती सांगत नाही. तिथे लेंडीची तपासणी येते.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेत गॉर्डन आणि व्हिटलॉक यांनी १९३९ साली मेंढीच्या लेंड्यांतली जंतांची अंडी मोजण्याची जी पद्धत मांडली, तीच किरकोळ फरकांनी आजही जगभर चालते. मिठाच्या दाट पाण्यात अंडी तरंगतात आणि लेंडीचा चोथा बराचसा खाली राहतो, एवढंच तिच्यामागचं तत्त्व. सामान म्हणजे आखलेल्या दोन खणांची काचेची मॅकमास्टर पट्टी, दहा पट भिंगाचा साधा सूक्ष्मदर्शक, ग्रॅमचा काटा, खलबत्ता, चहाची गाळणी आणि किराणा दुकानातलं मीठ. शेळीपालकांच्या एखाद्या गटाने मिळून हे घेतलं, तर एका तरुण मुलाला दोन दिवसांत शिकवता येतं.

नमुना जमिनीवरचा घेऊ नये. हातमोजा घालून बोटाने गुदद्वारातून थेट आठ-दहा लेंड्या काढाव्यात. छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा दाबून काढावी, गाठ मारून शेळीचा क्रमांक लिहावा आणि पिशवी बर्फाच्या डब्यात ठेवावी. डीप फ्रीझरमध्ये नको, अंडी फुटतात. उघड्यावरही नको, कारण आपल्याकडच्या उष्म्यात अंडी दिवसभरात उबून अळ्या बाहेर पडतात आणि मोजायला काही उरत नाही. दुपारी घेतलेला नमुना मोटारसायकलच्या डिकीत विसरून दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत दिला, तर अहवालात शून्य येतं आणि मालक निर्धास्त होतो. या शून्याने बऱ्याच शेळ्या मारल्या असतील.

पुढची कृती अशी. एक लिटर गरम पाण्यात ४०० ग्रॅम मीठ ढवळावं. तळाशी थोडं न विरघळलेलं मीठ राहिलं म्हणजे पाणी पुरेसं दाट झालं. ते गार करून वरचं पाणी गाळून घ्यावं. दोन ग्रॅम लेंड्या खलबत्त्यात थोड्या मिठाच्या पाण्याबरोबर चुराव्यात आणि एकूण २८ मिलिलिटर पाणी होईपर्यंत भर घालावी. गाळणीतून गाळलेलं पाणी ढवळत असतानाच ड्रॉपरने ओढून पट्टीचे दोन्ही खण भरावेत. ढवळणं थांबवून मग ओढलं तर अंडी आधीच वर गेलेली असतात आणि मोजणी चुकते. पट्टी पाच मिनिटं स्थिर ठेवली की अंडी वरच्या काचेला चिकटतात. म्हणून भिंग आधी आखलेल्या रेघांवर नेमकं करावं; अंडी त्याच पातळीवर असतात. नवशिक्याला सर्वात जास्त फसवतात ते हवेचे बुडबुडे. त्यांच्या कडा जाड आणि काळ्या असतात. अंड्याची कड पातळ असते, आकार लंबगोल, आणि आत तुतीच्या फळासारखा पेशींचा घोस दिसतो.

दोन्ही खणांतल्या रेघांच्या आतली अंडी मोजून बेरजेला ५० ने गुणायचं. हा ५० आभाळातून पडलेला नाही. दोन ग्रॅम लेंडी आणि २८ मिलिलिटर पाणी मिळून साधारण ३० मिलिलिटर होतं, आणि दोन खणांत मिळून ०.३ मिलिलिटर मोजलं जातं. म्हणजे एक दिसलेलं अंडं ग्रॅममागे ५० अंड्यांचं प्रतिनिधी. एका खणात ३१ आणि दुसऱ्यात २७ दिसली, तर ५८ गुणिले ५०, म्हणजे ग्रॅममागे २,९०० अंडी. अहवालात हाच आकडा ईपीजी म्हणून येतो. पातळ हगवणीत तोच आकडा पाण्यामुळे कमी भरतो, हेही ध्यानात धरावं.

आकड्याचा अर्थ लावताना घाई होते. हिमोंकस, ट्रायकोस्ट्रॉन्जिलस आणि आणखी काही जंतांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखी दिसतात. कोणत्या जातीची किती, हे जाणायचं तर प्रयोगशाळेत लेंड्या आठवडाभर उबवून निघालेल्या अळ्या ओळखाव्या लागतात. हिमोंकस भरपूर अंडी घालतो, बाकीचे कमी, म्हणून पावसाळ्यात दोन हजारांच्या वरचा आकडा आणि फिकट पापणी एकत्र दिसली, तर हिमोंकस धरून चालायला हरकत नाही. पाचशेच्या आतला आकडा सहसा चिंतेचा नसतो. मधल्या आकड्यांत पापणीलाच विचारावं लागतं.

एक हिशेब करून पाहू. अंबाडीजवळच्या एखाद्या गोठ्यात २४ शेळ्या आहेत, असं समजा. ऑगस्टच्या मध्यावर पापण्या पाहिल्या: १३ शेळ्या १ किंवा २ मध्ये, ६ शेळ्या ३ मध्ये, ४ शेळ्या ४ मध्ये, एक ५ मध्ये. शेळ्यांचा नियम लावला तर ११ जणींना औषध द्यायचं. पण त्यातल्या ५ शेळ्या ४-५ मध्ये आहेत, म्हणजे कळपाच्या पाचव्या भागाहून जास्त. दहा टक्क्यांच्या वर शेळ्या ४-५ मध्ये गेल्या, तर सगळ्याच कळपाला औषध देऊन चरण्याची जागा बदलावी, असा एक सर्वमान्य ठोकताळा आहे. इथे तो लागू होतो. पण असा कळप पहिल्यांदा पाहिला तेव्हाच या अवस्थेत असेल, तर त्याचा अर्थ पहिली तपासणी फार उशिरा झाली. जुलैमध्ये पाहिल्या असत्या, तर दोन-चार शेळ्यांवर भागलं असतं आणि उरलेल्या वीसजणींच्या पोटातले, औषध न पाहिलेले जंत रानात उतरत राहिले असते. ते हवेच असतात. औषधाला दाद देणारे जंत रानात टिकले, तरच दाद न देणाऱ्यांची संख्या दबून राहते. सगळ्यांना दर महिन्याला पाजणाऱ्याच्या रानात शेवटी औषधाला दाद न देणारेच उरतात, ते यामुळे.

आता याच गोठ्यातल्या औषध दिलेल्या दहा शेळ्यांच्या लेंड्या औषधाआधी मोजल्या आणि सरासरी २,४०० आली. चौदाव्या दिवशी पुन्हा मोजल्या, तर ९६०. कमी झाली ती ६० टक्के. चांगलं चालणारं औषध ९५ टक्क्यांच्या वर अंडी घटवतं. म्हणजे या गोठ्यात ते औषध चालत नाही, आणि मालकाला ते कधीच कळलं नसतं, कारण ६० टक्के जंत मेल्यावरही शेळ्या चार दिवस तरतरीत दिसतात. अंड्यांच्या मोजणीचा सर्वात मोठा उपयोग हा आहे: औषधाची परीक्षा. एखाद्या शेळीला आज डोस द्यायचा का, हे ठरवायला पापणी जास्त विश्वासू.

पण औषध चालत नाही, असा शिक्का मारण्याआधी एक तपासून पाहावं: डोस बरोबर होता का? शेळीचं यकृत बरीच जंतनाशकं मेंढीपेक्षा लवकर निकाली काढतं. बाटलीवर बहुधा मेंढीचाच डोस छापलेला असतो. फेनबेंडाझोल मेंढीला किलोमागे ५ मिलिग्रॅम, तर शेळीला १० लागतं. २५ किलोच्या शेळीला २५० मिलिग्रॅम. अडीच टक्क्यांच्या द्रावणात एका मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे १० मिलिलिटर. लेबलवरचं वाचून ५ मिलिलिटर पाजलं, की जंत अर्धमेले होतात आणि पुढच्या पिढीला औषधाची ओळख होते. वजन अंदाजाने धरलं तर आणखी घोटाळा, कारण डोळ्यांचा अंदाज मोठ्या बोकडाला नेहमी हलका ठरवतो. दुप्पट करण्याचा हा नियम मात्र सगळ्या औषधांना लावता येत नाही. लेव्हामिसोल दीडपटीच्या पुढे गेलं की विषबाधा होऊ शकते, क्लोझँटेल जास्त झालं तर शेळी आंधळी होते, आणि गाभण शेळीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये. डोस पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावा, त्याला शेळीचं खरं वजन सांगावं.

भिवंडीच्या भातपट्ट्यात खरी गंमत सुरू होते ती दिवाळीनंतर. शेळीची पापणी ४, जबड्याखाली पाण्याने भरलेली मऊ सूज, अंग खंगलेलं, आणि लेंडीत ग्रॅममागे जेमतेम १५० अंडी. मालक म्हणतो, जंत नाहीत. डॉक्टर घाईत असतील तर तेही तसंच म्हणतात. पांढरी पापणी आणि थोडी अंडी, ही जोडी दिसली की थांबून तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली शक्यता हिमोंकसचीच. त्याच्या कोवळ्या अळ्याही रक्त पितात, आणि त्या वयात आल्याशिवाय अंडी घालत नाहीत. जोरात लागण झाली असेल, तर संसर्गाच्या दहा-बारा दिवसांतच पापणी फिकी पडू शकते, आणि अंडी मात्र तीन आठवड्यांनी दिसतात. ही परिस्थिती जास्त करून भर पावसाळ्यात येते. दुसरी शक्यता गोचीड आणि उवा. केस उलटे फिरवून पाहिलं की हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो.

तिसरी शक्यता यकृतातल्या पर्णकृमीची, आणि खाचरं असलेल्या गावांत ती सगळ्यात दुर्लक्षित आहे. फॅसिओला जायगँटिका हा चपटा कृमी पाण्यातल्या गोगलगाईत वाढतो. त्याच्या अवस्था पाण्यातून बाहेर येऊन गवतावर आणि भाताच्या खालच्या खोडावर चिकटतात. पाणथळ बांधावर चरलेली, किंवा ओला पेंढा खाल्लेली शेळी त्या गिळते. यकृत पोखरलं जातं, रक्त आणि प्रथिनं दोन्ही गळतात, म्हणून जबड्याखालची सूज. याची अंडी मोठी आणि जड असतात, मिठाच्या पाण्यात तरंगत नाहीत. म्हणजे मॅकमास्टर पट्टीवर ती कधी दिसतच नाहीत, कितीही असली तरी. त्यासाठी लेंडी साध्या पाण्यात ढवळून, गाळून, तळाशी बसू द्यावी लागते. वरचं पाणी ओतून पुन्हा पुन्हा धुतल्यावर तळाच्या गाळात सोनेरी-पिवळी, एका टोकाला झाकण असलेली अंडी शोधायची. नमुना देताना प्रयोगशाळेला "फ्लूकसाठीही पाहा" असं लिहून द्यावं लागतं, नाहीतर फक्त तरंगणारी अंडी मोजली जातात. पर्णकृमीला फेनबेंडाझोल लागू पडत नाही. औषध वेगळं असतं, आणि कोवळ्या कृमीवर चालणारी औषधं आणखी थोडी.

सूज पाहून तिला गळू समजून पट्टी बांधणं किंवा ती फोडणं, असे प्रकार अजून होतात. ती सूज फोडून काही निघत नाही, फक्त जखम होते.

दिवाळीनंतर खाचरं मोकळी झाली की घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणपट्टीत उतरतात आणि खतासाठी शेतांत मेंढ्या बसवल्या जातात. हिमोंकस मेंढीत आणि शेळीत एकच. म्हणून मेंढ्यांचा कळप जिथे आठवडाभर बसला, तिथल्या बांधावर लगेच करडं सोडू नयेत. कोरड्या हवेत अळ्या लवकर मरतात, पण पाटाच्या कडेची ओली पट्टी याला अपवाद असते. उलट दिशेने मेंढपाळांनाही हेच लागू आहे. कळप खाली उतरवण्याआधी दहा मेंढ्यांच्या समान वजनाच्या लेंड्या एकत्र करून एकच मोजणी केली, तरी कळपाचा साधारण अंदाज येतो. मात्र एकत्र नमुन्यात एखादी खूप लागण झालेली मेंढी बाकीच्यांमध्ये लपून जाते, आणि म्हणून पापणी तरीही प्रत्येकीची पाहावी.

मेंढ्यांच्या अंड्यांच्या मोजणीने महाराष्ट्रात एक वेगळं कामही करून दाखवलं आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातली लहान चणीची गरोळ मेंढी जुळ्यांच्या जनुकासाठी आणली, आणि ऑस्ट्रेलियन संशोधकांबरोबर दख्खनी, बन्नूर आणि गरोळ यांच्या संकरांच्या लेंड्यांतली अंडी मोजली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात गरोळ रक्ताच्या कोकरांत अंडी कमी निघाली. दमट दलदलीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या जातीने जंतांशी जुळवून घेतलेलं होतं. कळपातलीच एखादी शेळी वर्षानुवर्षं औषधाशिवाय १-२ वर राहते, आणि दुसरी दर पावसाळ्यात तीनदा पाजावी लागते, हे वहीत लिहून ठेवलं की पैदाशीसाठी कुणाची करडं ठेवायची ते तितक्याच सहज कळतं. तीनदा पाजावी लागणाऱ्या शेळीला विकावं. ती आपल्या लेंड्यांतून सगळ्या कळपाचं रान पेरते.

भिवंडीत शेळ्यांची आणखी एक वाट आहे: बकरी ईदसाठी बाहेरून येणारे बोकड. राजस्थानातून सिरोही, उत्तरेतून बारबरी आणि जमनापारी ट्रकने येतात आणि शहरातल्या घराघरांत काही आठवडे, काही महिने पाळले जातात. कोरड्या मुलखातला बोकड भिवंडीच्या पावसाळ्यात पहिल्यांदाच हिमोंकसला सामोरा जातो, आणि येताना औषधाला दाद न देणारे जंतही बरोबर आणू शकतो. असा बोकड आपल्या शेळ्यांपासून किमान दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा. आल्याआल्या पापणी पाहावी, लेंडी मोजावी, डोस द्यावा आणि चौदाव्या दिवशी पुन्हा लेंडी मोजावी. दुसऱ्या मोजणीत अंडी जवळजवळ नाहीशी झाली, तरच तो इतरांच्या चराईत जाऊ द्यावा. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते: २०१९ मध्ये ती १२ ऑगस्टला होती, २०२५ मध्ये ७ जूनला. म्हणजे सध्या ऐन पावसात बोकड विकले जात नाहीत. पण पुढच्या ईदसाठी लहान बोकड आधीच घेऊन ठेवणाऱ्यांना सगळा पावसाळा काढावा लागतो. औषध दिलेल्या बोकडाचं मांस किती दिवसांनी खाण्यायोग्य होतं, ते औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं. कुर्बानीच्या तारखेतून तेवढे दिवस वजा करून शेवटचा डोस ठरवावा. डोस दुप्पट दिला असेल तर बाटलीवरचा काळ पुरत नाही. तो पशुवैद्यकाला विचारून वाढवून घ्यावा.

मोजणी स्वतः करायची नसेल, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून नमुने ठाण्याच्या जिल्हा सर्वचिकित्सालयाकडे जाऊ शकतात. मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालापासून परळला आहे. तिथल्या परोपजीवीशास्त्र विभागात लेंड्या उबवून जंतांची जात ओळखता येते. नमुन्याबरोबर प्रत्येक शेळीचा पापणीचा क्रमांक, वय, शेवटच्या औषधाचं नाव आणि तारीख लिहून द्यावी. मोजणाऱ्याला नुसत्या आकड्यापेक्षा त्या चिठ्ठीतूनच जास्त समजतं.